‘कोऱ्या कॅनव्हासवरून रंगवलेले’ आकाश आणि माझे 6,000 रुपये

आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पैठणच्या धरणावरून दिसणारा नाथसागरावरचा सूर्यास्त हवा होता, आणि संपादिकाबाईंची अट अशी होती की आकाश कोऱ्या कॅनव्हासवरून रंगवलेले असावे, त्यात कोणाचाही फोटो वापरलेला नसावा. मी छत्रपती संभाजीनगरात अंकांच्या मांडणीचे काम करतो. दिवस कमी उरल्यामुळे समाजमाध्यमावर ओळख झालेल्या एका चित्रकाराला मी हे काम 6,000 रुपयांत दिले. निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे फाइल मिळाल्यावर, असे ठरले. पुरावा म्हणून त्याने 40 सेकंदांचा व्हिडिओही पाठवला होता. त्यात ग्रेडियंट ओढताना दिसतो, ब्रशचे दोन-चार फटकारे दिसतात आणि लगेच सगळे ढग तयार झालेले असतात, हे मला तेव्हा खटकले नाही.

फाइलमध्ये ‘पार्श्वभूमी’, ‘मागचे ढग’, ‘पुढचे ढग’, ‘कडांचा उजेड’ असे नीट नावे दिलेले लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, होते. लेयरना नावे देणारा माणूस कामाचा पक्का असतो, असा माझा भाबडा समज असल्यामुळे उरलेले 3,000 रुपये मी तासाभरात पाठवून दिले.

शंका काढली ती संपादिकाबाईंनी. “सूर्य उजवीकडे आहे, मग डाव्या कोपऱ्यातल्या या ढगाची डावी कड कशी चमकते?” असे त्यांनी विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. ढगाचा मधला भाग दाट असल्यामुळे मागून येणारा प्रकाश तिथे अडतो व तो भाग काळसर दिसतो. काठ विरळ असतो, म्हणून तिथून प्रकाश आरपार येतो. त्यामुळे सूर्याकडची कड उजळते आणि ढग सूर्यापासून जितका दूर, तितकी ती मंद होत जाते. हा ढग मुळात सूर्याच्या उजवीकडचा असला पाहिजे आणि तिथून उचलून डावीकडे ठेवला असला पाहिजे, असे मला वाटले. म्हणून त्याची प्रत काढून मी ती उजवीकडच्या ढगावर नेमकी बसवली आणि लेयरचा ब्लेंड मोड `Difference` केला. या मोडमध्ये दोन चित्रे जिथे तंतोतंत सारखी असतात तिथे शुद्ध काळा रंग उमटतो. कड झाकण्यासाठी जिथे थोडे खोडले होते तेवढे पुसट डाग सोडले, तर सगळा ढग काळा झाला.

मग मी ढगांचे दोन्ही लेयर बंद केले. खाली नुसता केशरी ते निळा उतरता रंग उरायला हवा होता, परंतु उजवीकडचे सगळे ढग जागच्या जागी होते. ‘पार्श्वभूमी’ म्हणजे तैलरंगाचा फिल्टर लावलेला एक अख्खा फोटो होता, आणि वरचे लेयर त्यातूनच कापलेले तुकडे होते. चित्रावरून शोध घेतला तेव्हा मूळ फोटो एका विक्रीच्या संकेतस्थळावर सापडला. तो कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरचा होता. तसाच छापला असता, तर मूळ छायाचित्रकाराला जाब आम्हाला द्यावा लागला असता. चित्रकाराला विचारले, तेव्हा “रेफरन्स तर सगळेच घेतात, सर,” एवढे उत्तर आले आणि माझा नंबर ब्लॉक झाला. 1930 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे; पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

शेवटी दोन रात्री जागून आकाश मीच रंगवले. क्षितिजावरचा पिवळा आणि वरचा गडद निळा थेट जोडला की मध्ये मळकट करडा पट्टा येतो, म्हणून त्यांच्यामध्ये गुलाबी आणि जांभळट असे दोन थांबे घ्यावे लागले. फाइल 16 बिटची ठेवली आणि किंचित नॉइज टाकला, कारण 8 बिटमध्ये प्रत्येक चॅनलला 256 च पायऱ्या मिळतात आणि मोठ्या मोकळ्या आकाशात त्या पट्ट्यांसारख्या दिसू शकतात. ढगांचा ब्रश एकाच कोनात ठेवला की तोच ठसा पुन्हा पुन्हा ओळखू येतो, म्हणून त्याचा कोन आपोआप बदलत राहील आणि पेनच्या दाबाप्रमाणे रंग दाट-पातळ होईल असे ठेवले. त्याच ब्रशने खोडत खोडत ढगांचे काठ विरवले.

कडांचा उजेड मात्र पहिल्या रात्री पार फसला. मी प्रत्येक ढगाभोवती सारख्या जाडीची पांढरी रेघ ओढली आणि ढग पैठणीच्या जरीकाठासारखे दिसू लागले. दुसऱ्या रात्री, रंग ढगाच्या आकाराबाहेर जाऊ नये म्हणून, ढगाच्या लेयरला क्लिपिंग मास्कने जोडलेला नवा लेयर घेतला, त्याचा मोड खालचे रंग उजळवणारा `Color Dodge` केला आणि पांढऱ्याऐवजी गडद केशरी रंगाने, मऊ लहान ब्रशने, फक्त सूर्याकडच्या बाजूला तुटक तुटक उजेड दिला. तेव्हा कुठे ढग मागून उजळल्यासारखे दिसले.

आता नव्या चित्रकाराला उरलेली रक्कम देण्याआधी मी स्क्रीन शेअर करून त्याला ढगांचे लेयर माझ्यासमोर बंद करायला सांगतो. त्यानंतर तिघांना विचारले. दोघांनी लगेच बंद करून दाखवले, तिसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.