सोनं की सरकारी रोखे? आधी वास्तविक व्याजदर बघा

सोनं व्याज देत नाही. त्यामुळे त्याचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे महागाई वजा जाता सरकारी रोख्यांवर हाती उरणारं व्याज, म्हणजेच वास्तविक व्याजदर. जगभरचा सोन्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो, म्हणून इथे अमेरिकी सरकारचे ‘टिप्स’ रोखे बघावे लागतात. त्यांची मुद्दल महागाईबरोबर वाढते, त्यामुळे त्यांचा दर हाच थेट वास्तविक दर असतो.

मार्च २०२२मध्ये दहा वर्षांच्या टिप्सचा दर उणे १ टक्क्याच्या आसपास होता. शंभर डॉलर गुंतवले, तर दहा वर्षांनी आजच्या खरेदीशक्तीत सुमारे ९० उरणार. सोनं नुसती महागाई भरून काढेल असं धरलं, तर तिथे १०० राहतात. म्हणजे सोनं सरस. सप्टेंबरअखेर तोच दर दीड टक्क्याच्या वर गेला होता. दीड टक्क्यानेही रोख्याचे ११६ होतात आणि सोन्याचे १००च राहतात. मग ११६ला टक्कर देण्यासाठी सोनं १०० ऐवजी ८६ला मिळायला हवं. तेव्हा भाव औंसाला सुमारे २,०५० डॉलरवरून १,६३०च्या आसपास उतरला होता.

एक गोष्ट मात्र बरेचजण विसरतात. दर वाढला की जुन्या टिप्सचा बाजारभावही पडतो. २०२२मध्ये मधेच विकणाऱ्यांना तिथेही फटका बसला. फरक इतकाच, की मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला खरेदीच्या दिवशी ठरलेला वास्तविक परतावा मिळतो. सोन्याला मुदतच नसते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर बघून सोन्याचा अंदाज बांधतात, ही चूक आहे. इथल्या भावात सोन्याचा डॉलरमधला भाव, रुपयाचा दर आणि आयातशुल्क असे तिन्ही मिसळलेले असतात. त्याच २०२२मध्ये डॉलर सुमारे ७७ रुपयांवरून ८१च्या वर गेला आणि जुलैमध्ये सोन्यावरचं मूळ आयातशुल्क साडेसात टक्क्यांवरून साडेबारा टक्के झालं. त्यामुळे सराफ्यातली घसरण डॉलरमधल्या घसरणीपेक्षा बरीच कमी होती.

वास्तविक दर आणि सोनं यांचं हे नातं तुटतं तेव्हाही ओळखता आलं पाहिजे. २०२४मध्ये वास्तविक दर २ टक्क्यांच्या आसपास असतानाही सोन्याने उच्चांक गाठले. रशियाची जवळपास निम्मी परकीय गंगाजळी २०२२मध्ये गोठवली गेली आणि त्यानंतर मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांहून अधिक सोनं घेऊ लागल्या. त्यांना व्याजाशी घेणंदेणं नव्हतं. कुणी गोठवू शकणार नाही अशी ठेव त्यांना हवी होती.

म्हणून ठरलेल्या तारखेला, म्हणजे फीसाठी किंवा घरासाठी, लागणारा पैसा त्याच सुमारास मुदत संपणाऱ्या रोख्यात ठेवावा, असं आमचं मत आहे. इथले साधे रोखे महागाईशी बांधलेले नसतात, तेव्हा त्यांच्या दरातून अपेक्षित महागाई वजा करा: ७ टक्के व्याज आणि ५ टक्के महागाई असेल, तर हाती साधारण २ टक्के. सोनं घ्यायचं असेल, तर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडच्या, सेंट लुईस शाखेच्या संकेतस्थळावर <code>DFII10</code> ही दहा वर्षांच्या टिप्सच्या दराची मालिका उघडा. आजचा आकडा आणि सहा महिन्यांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवा. दर चढता असेल, तर सगळी खरेदी एकाच दिवशी न करता चार-सहा महिन्यांत विभागून करा.