इच्छा जास्त की ताबा सुटलेला?

दोन माणसं समजा. पहिल्याला रोज, कधी दिवसातून दोनदा लैंगिक इच्छा होते. जोडीदार दमलेला असला किंवा सकाळी महत्त्वाची मीटिंग असली, तर तो थांबतो. थोडी चिडचिड होते, इतकंच. नंतर समाधान वाटतं. दुसऱ्याची वारंवारता कदाचित पहिल्यापेक्षा कमीच असेल. पण ताण आला की तो रात्री दोनपर्यंत पॉर्न पाहतो, कामावर उशिरा पोचतो, ताकीद मिळूनही तेच करतो. आनंद तर केव्हाच उरलेला नाही. चार वेळा बंद करायचं ठरवलं, चारही वेळा मोडलं.

आजार दुसऱ्याकडे आहे, आणि तो आकड्यावरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याच्या या विकाराची नोंद व्यसनांत नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. ताबा सुटणं साधारण सहा महिने किंवा अधिक चाललेलं असावं, आणि त्यातून मोठा त्रास किंवा घर, काम, तब्येत यांचं ठळक नुकसान झालेलं असावं.

त्यात एक अट मला फार मोलाची वाटते: त्रास फक्त ‘हे पाप आहे’ या भावनेतून येत असेल, तर तेवढ्यावर निदान होत नाही. आपल्याकडे हस्तमैथुनाच्या अपराधीपणाने कितीतरी निरोगी मुलं स्वतःला आजारी समजतात.

बदल अचानक झाला असेल, तर डॉक्टरांना चालू औषधं जरूर सांगा. पार्किन्सन्सवरच्या काही गोळ्यांनी असा आवेग वाढतो, उन्मादाच्या झटक्यातही वाढतो. तिथे उपचार वेगळे असतात.