वाढीव बिल: खुलासा मागणारे पत्र की परतावा मागणारी नोटीस?

ऑपरेशनआधी सांगितलेला आकडा एक आणि डिस्चार्जच्या वेळी हातात पडलेले बिल भलतेच, अशी वेळ आली की तक्रार दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक म्हणजे साधे पत्र: अमुक रकमा कशाच्या, ते लेखी कळवा. दुसरी म्हणजे नोटीस: जादा घेतलेले इतके रुपये इतक्या दिवसांत परत करा, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ. यांपैकी आधी काय पाठवायचे, हे राग किती आला आहे यावर ठरवू नये. बिलाबद्दल आपल्या हातात काय आहे, यावर ते ठरते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण बिलाची ठेवण नेहमीचीच आहे. काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन डोळ्यांच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये झाले. पॅकेज ३८,००० रुपये सांगितले होते. त्यात सर्जनची फी, ओटी आणि साधी लेन्स धरलेली होती. बिल आले ६१,७०० रुपयांचे. पॅकेजवर लेन्समधील फरक १६,०००, भूलतज्ज्ञ ३,५००, कन्झ्युमेबल्स २,७०० आणि तपासण्या १,५०० अशी भर पडली होती. म्हणजे २३,७०० रुपये जास्त.

घरच्यांनी त्याच रात्री लिहायला घेतलेली नोटीस अशी होती: ‘आपण आमची फसवणूक करून २३,७०० रुपये उकळले आहेत. सात दिवसांत रक्कम परत न केल्यास कायदेशीर कारवाई करू.’ यात खोटे काहीच नाही असे मानले, तरी क्लिनिकला उत्तर देणे फार सोपे जाते. ‘रुग्णाच्या संमतीने उच्च प्रतीची लेन्स बसवली, सर्व आकारणी नियमानुसार आहे,’ एवढे एक वाक्य वकिलामार्फत आले की संपले. तपशील मागितलाच नव्हता, म्हणून तपशील मिळतही नाही. शिवाय ‘फसवणूक’ हा शब्द वाचला की काउंटरवरची बाई किंवा व्यवस्थापक स्वतः काही बोलत नाहीत, कागद थेट डॉक्टरांच्या वकिलाकडे जातो.

आता तेच प्रकरण खुलाशाच्या पत्रात पाहा: ‘महोदय, अमुक तारखेच्या बिलातील पुढील रकमांचा लेखी खुलासा मिळावा. लेन्समधील फरक १६,००० रुपये कसा काढला? बसवलेल्या लेन्सचे मॉडेल, अनुक्रमांक व खोक्यावरील एमआरपी, तसेच पॅकेजमध्ये धरलेल्या साध्या लेन्सची किंमत कळवावी. भूलतज्ज्ञ प्रत्यक्ष उपस्थित होते का? असल्यास त्यांच्या नोंदीची प्रत द्यावी. १,५०० रुपयांच्या तपासण्या कोणत्या व कोणत्या तारखेच्या?’

या पत्राची खरी ताकद लेन्सच्या प्रश्नात आहे. डोळ्यात बसवलेल्या लेन्सच्या पाकिटातले स्टिकर सहसा डिस्चार्ज कार्डावर किंवा केसपेपरवर चिकटवलेले असते. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक असतो. एमआरपी खोक्यावर छापलेली असते. समजा उत्तरात एमआरपी १६,००० निघाली आणि पॅकेजमधली साधी लेन्स ५,००० ची होती, तर फरक ११,००० व्हायला हवा. बिलात ‘फरक’ म्हणून पूर्ण १६,००० लावले असतील, तर जी साधी लेन्स डोळ्यात गेलीच नाही तिचे ५,००० पॅकेजमधून आधीच घेतलेले आहेत. पाच हजारांचा हा मुद्दा आकड्यांवर उभा आहे, तो वकिलाच्या एका वाक्याने उडत नाही. नोटिशीत हा मुद्दा मांडताच आला नसता, कारण तेव्हा तो कुणाला माहीतच नव्हता.

बाकीच्या रकमांतही असेच. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुष्कळदा नुसते थेंब टाकून डोळा बधिर करून होते, पण रुग्णाला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर भूलतज्ज्ञाला जवळ उभे ठेवतात. नोंद असेल तर ते ३,५०० रास्त आहेत आणि ते मान्य करावेत. लेन्सची पॉवर काढण्याची तपासणी ऑपरेशनआधीच होते, बहुतेक वेळा तिचे पैसे ओपीडीत भरलेले असतात, म्हणून जुन्या पावत्या काढून तारखा जुळवाव्यात. कन्झ्युमेबल्सची यादी मागावी, पण तिथे फार वेळ घालवू नये.

पत्र लिहिण्याआधी स्वतःचे संमतीपत्र मात्र वाचावे. महागड्या लेन्सचे नाव आणि किंमत लिहून खाली काकूंचीच सही असेल, तर ‘आम्हाला सांगितलेच नाही’ हे वाक्य पत्रात नको. केसपेपर हाती नसतील तर ते मागण्याचा हक्क आहे: वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. हीच मागणी पत्राच्या शेवटी जोडून टाकावी.

मग नोटीस आधी कधी पाठवायची? माझ्या मते दोनच प्रसंगी. पुरावा आधीच हातात असेल तर खुलासा मागून वेळ घालवण्यात अर्थ नाही. उदाहरणार्थ, खोक्याचा फोटो आपल्याकडे आहे आणि बिल छापील एमआरपीपेक्षा जास्त लावले आहे. दुसरा प्रसंग मुदतीचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते, आणि आपला पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीचे बिल असेल तर सरळ नोटीस द्यावी आणि तक्रारीची तयारीही सोबत सुरू करावी. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत जिल्हा आयोगात फी लागत नाही, त्यामुळे पाच हजारांसाठीही हा रस्ता बंद नाही. वेळ आणि फेऱ्या मात्र मोजाव्या लागतात.

विमा असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची. क्लिनिकने जास्त बिल लावणे आणि विमा कंपनीने दाव्यातून रक्कम कापणे ही दोन वेगळी भांडणे आहेत. कंपनीच्या पत्रात कपातीचे कारण दिलेले असते. लेन्सच्या खर्चावर पॉलिसीतच मर्यादा असेल, तर क्लिनिकला लिहिलेल्या कोणत्याही पत्राने ते पैसे मिळणार नाहीत.

खुलाशाचे पत्र स्वतः नेऊन द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. पोच द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. उत्तराला १५ दिवस द्यावेत. पंधरा दिवसांत काहीच आले नाही तर लगेच आयोगाकडे न जाता मधली एक पायरी आहे. महाराष्ट्रात रुग्णांना दाखल करणारी रुग्णालये शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्यांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची असते. पोच घेतलेल्या पत्राची प्रत जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. एकही खाट नसलेल्या, नुसत्या ओपीडीच्या दवाखान्याला हे नियम लागत नाहीत. तिथे उत्तर न आल्यास पुढचा कागद नोटीसच, आणि तिच्यात २३,७०० नव्हे, तर जेवढे सिद्ध होते तेवढेच मागायचे.