संगणक प्रयोगशाळा: जुनीच हार्ड डिस्क की आधी एसएसडी?

मा. प्राचार्य यांस,

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेतील 30 संगणकांवर विंडोज नव्याने बसवायचे आहे; त्याआधी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली माहिती साठवण्याची साधने, मंजूर व्हावीत, ही नम्र विनंती.

जुन्या हार्ड डिस्क ठेवल्यास आज खर्च नाही. परंतु मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर प्रत्येक विखुरलेल्या वाचनासाठी सरासरी 4 मिलिसेकंद फिरण्यात आणि साधारण तितकाच किंवा अधिक वेळ हेड सरकण्यात जात असल्याने सेकंदाला जेमतेम शंभर वाचने होतात, आणि नव्याने विंडोज बसवूनही ही मर्यादा हटत नाही. शिवाय चार डिस्कवर Reallocated Sectors Count, म्हणजे डिस्कच्या खराब होऊन बदलाव्या लागलेल्या भागांचा आकडा, दर आठवड्याला वाढतो आहे. त्या बंद पडल्यास सर्व काम पुन्हा करावे लागेल.

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने अशी वाचने सेकंदाला हजारोंनी होतात. एका संगणकावर ती लावून पाहिली असता, लॉगिननंतर चार मिनिटे थांबावे लागत असे तेथे अर्ध्या मिनिटात काम सुरू झाले. जुनी साटा केबलही चालली. प्रोसेसरवर अवलंबून असलेली कामे मात्र यामुळे वेगवान होणार नाहीत.

सर्व 30 शक्य नसल्यास निदान त्या चार संगणकांसाठी एसएसडी सुट्टीपूर्वी मिळाव्यात.

आपला विनम्र,
प्रयोगशाळा सहायक, मुंबई