जागलीचा गेम: एक रात्र की अख्खा हंगाम?

हरभरा घाट्यावर आला की आमच्या गावात प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी रात्री जागलीला जातं. धुऱ्यावर बसायचं, रोही किंवा रानडुकराची चाहूल लागली की बॅटरीचा झोत टाकायचा आणि आरोळी ठोकायची. यावर फोनसाठी गेम करायचं माझ्या आणि माझ्या चुलतभावाच्या डोक्यात होतं. गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायची स्पर्धा. तसल्या ४८ तासांच्या जॅममध्ये आम्ही तो दोनदा करून पाहिला, दोन वेगळ्या आकारांत. पहिल्या वर्षी पूर्ण झाला नाही, दुसऱ्या वर्षी झाला. तुमच्याही डोक्यात अशी कल्पना असेल आणि ती केवढी ठेवावी हे ठरत नसेल, तर हे दोन आकार शेजारी ठेवून बघा.

पहिला आकार अख्ख्या हंगामाचा. दिवसा पेरणी आणि पाणी, रात्री राखण, पीक विकून पैसे, त्यातून काटेरी कुंपण, कुत्रा, मोठी बॅटरी. दुसरा आकार एका रात्रीचा. एकच स्क्रीन, वरून जनावरं येतात, खाली हरभरा आहे, तुम्ही बोटाने झोत फिरवता. झोत पडला की जनावर मागे फिरतं. पीक संपलं की रात्र संपली, किती वेळ टिकलात तेवढे गुण.

आधी वेळेचा हिशोब. शुक्रवारी संध्याकाळी ६ ते रविवारी संध्याकाळी ६ हे म्हणायला ४८ तास. दोन रात्रींची झोप, जेवणं, घरची कामं आणि लाइन गेलेले तास काढले की आमच्या हातात जेमतेम वीस उरले. आमच्या लॅपटॉपची बॅटरी दोन तासांवर टिकत नाही, म्हणून लाइनचे तास मोजावेच लागतात.

एका रात्रीच्या गेमला हे वीस तास असे गेले: झोत आणि जनावरांची चाल चार, झोत लागल्यावर पळणं आणि पिकाचं नुकसान अडीच, सुरुवात, शेवट आणि ‘पुन्हा खेळा’ दोन, चित्रं चार, आवाज दोन, फोनवर तपासणी तीन, अपलोड आणि गेमचं पान दोन. साडेएकोणीस. हंगामाच्या गेमलाही हे सगळं लागतंच. त्यावर दुकान चार, कुंपण आणि कुत्रा चार, दिवसाचा भाग चार, खेळ सेव्ह करणं दोन, खेळणाऱ्याला हे सगळं समजावणं दोन आणि किमतींचा ताळमेळ निदान तीन. म्हणजे आणखी एकोणीस. आम्ही तेव्हा ही बेरीज केलीच नव्हती.

पण वेळेपेक्षाही मोठा फरक मला नंतर कळला. हंगामाच्या गेममध्ये एकेक भाग दुसऱ्यात अडकलेला असतो. कुत्र्याची किंमत ठरवायला पीक कितीला विकतं ते हवं, ते ठरवायला रात्री किती नुकसान होतं ते हवं, आणि रात्र तर अजून झालेलीच नसते. शनिवारी रात्री आमच्याकडे दुकान होतं, त्यात कुत्र्याचं चित्र होतं, पण रोही झोताला घाबरत नव्हता. वेळ कमी पडायला लागल्यावर काढून टाकता येईल असं काहीच सुटं नव्हतं. एका रात्रीच्या गेममध्ये उलटं होतं. रानडुक्कर काढा, गेम चालतो. आवाज काढा, तरी चालतो.

जॅममधला खेळणारा कसा खेळतो, हेही बघा. लुडम डेअरसारख्या जॅममध्ये गुण देणारे बहुतेक इतर सहभागीच असतात आणि त्यांच्यापुढे गेमांची रांग असते. ते तुम्हाला काही मिनिटं देतात. हंगामाची खरी मजा तिसऱ्या-चौथ्या रात्री, कुंपण घेतल्यावर येते. तिथवर ते पोचतच नाहीत.

एक रात्र छोटी आहे म्हणून सोपी आहे असं मात्र समजू नका. फोनवर तिचाही खेळखंडोबा होतो. लॅपटॉपवर माउसने झोत मस्त फिरत होता. शनिवारी दुपारी फोनवर उघडला आणि भाऊ म्हणाला, ‘‘दादा, रोही माह्या अंगठ्याखालीच लपून राह्यला, मले दिसे काहून नाही?’’ झोत बरोबर बोटाखाली होता, म्हणजे जे पाहायचं तेच झाकलं जात होतं. आम्ही गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरत होतो, त्यात झोत बोटाच्या थोडा वर सरकवला:

```gdscript
func _input(event):
    if event is InputEventScreenTouch or event is InputEventScreenDrag:
        $Torch.position = event.position + Vector2(0, -140)
```

७२० बाय १२८० च्या स्क्रीनवर १४० आम्हाला जमले. मग तळाच्या पट्टीत झोत पोचत नाही, म्हणून तिथे पीक ठेवलं आणि जनावरं पिकाच्या वरच्या कडेलाच थांबून खाऊ लागली. गोडोमध्ये लॅपटॉपवर हे तपासायचं तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये `Emulate Touch From Mouse` चालू करा आणि माउसचं बटण दाबून ओढा, नाहीतर काहीच होणार नाही.

दुसरी गोष्ट अंधाराची. खोलीत छान दिसणारी रात्र अंगणात उन्हात नुसती काळी पाटी झाली. काळ्याऐवजी गडद निळा घेतला आणि जनावरांचे डोळे झोताबाहेरही चमकते ठेवले. प्रकाशाचा खरा परिणामही वापरला नाही. मध्ये गोल भोक असलेलं, स्क्रीनच्या दुपटीहून थोडं मोठं एक गडद चित्र बोटाबरोबर फिरवलं. साध्या फोनवर ते अडखळत नाही. या दोन दुरुस्त्यांना तीन तास लागले, आणि ते तीन तास हंगामाच्या गेममध्ये कुठून आणले असते?

फोनचा गेम म्हणजे अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची एपीके फाइलच असं आम्ही पहिल्या वर्षी धरून चाललो होतो. त्यासाठी जेडीके आणि अँड्रॉइड एसडीके उतरवावं लागतं. आमच्या हॉटस्पॉटवर त्यातच शुक्रवारची रात्र गेली. प्ले स्टोअरचा विचार तर नकोच. नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ब्राउझरमध्ये चालणारा वेब बिल्ड केला तर झिपमध्ये `index.html` ठेवून itch.io या गेमांच्या साइटवर टाकता येतो आणि आयफोनवालाही ब्राउझरमध्ये खेळतो. त्यात बोट लागेपर्यंत आवाज सुरू होत नाही, पण आधी ‘सुरू करा’ बटण असलं की ती अडचण सुटते. असा बिल्ड करायला गोडोच्या एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स लागतात. त्यांची फाइल मोठी असते, ती गुरुवारीच उतरवून ठेवा.

माझा कौल एक किंवा दोन जणांसाठी एका रात्रीला आहे, आणि वेब बिल्डला. हंगाम तेव्हाच घ्या, जेव्हा तुम्ही तीन-चार जण आहात, त्यातल्या एकाने दुकान आणि सेव्ह आधी एकदा तरी केलेलं आहे आणि जॅम ७२ तासांचा आहे. तरीही शनिवारी दुपारपर्यंत फक्त राखणीचा भाग फोनवर खेळता आला पाहिजे. नसेल येत, तर दुकानाला हात लावू नका.

रात्र पूर्ण झाल्यावर वेळ उरला, तर पहिली भर आरोळीची घाला. दोन बोटं एकदम टेकवली की सगळी जनावरं क्षणभर थबकतात. आम्हाला त्याला दीड तास लागला असता, पण रविवारी दुपारी लाइन जाते हे माहीत होतं. म्हणून अकरालाच अपलोड केलं आणि उरलेल्या बॅटरीत फक्त पानावरचा मजकूर लिहिला.