हिटॉर्फ नळीत सिल्व्हर नायट्रेट घ्यावं की मोरचूद?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला वहनांक, म्हणजे एकूण प्रवाहातला एका आयनाचा वाटा, ट्रान्सपोर्ट नंबर, काढायचा तर हे दोनच पर्याय सोयीचे. मोरचूद आणि तांब्याची पट्टी स्वस्त पडते. सिल्व्हर नायट्रेट महाग, पण आकडा त्यानेच नीट येतो.

कारण हिशेबात आहे. चांदीचे इलेक्ट्रोड, ०.०५ मोलर द्रावण, १० मिलीअँपियर प्रवाह, दोन तास. विद्युतभार ७२ कूलोम, म्हणजे ०.७४६ मिलिमोल इलेक्ट्रॉन. अ‍ॅनोडकडच्या भागात ४० ग्रॅम पाणी असेल, तर त्यात सुरुवातीला साधारण २.०० मिलिमोल चांदी होती. नंतर टायट्रेशनमध्ये २.४० निघाली. पट्टीतून ०.७४६ विरघळली, वाढ मात्र ०.४० ची. म्हणजे ०.३४६ चांदी तिथून निघून गेली, आणि ०.३४६ भागिले ०.७४६ म्हणजे ०.४६. ग्रंथातली किंमत ०.४६६ आहे. तुलना नेहमी तेवढ्याच पाण्याच्या वजनाशी करायची, आकारमानाशी नाही.

टायट्रेशनमध्ये अर्धा टक्का चूक झाली तर उत्तर ०.०१६ ने हलतं. द्रावण ०.१ मोलर घेतलं तर हीच चूक जवळपास दुप्पट होते, म्हणून पातळ द्रावणच बरं.

तांब्यात अडचण वजनाची. तेवढ्याच विद्युतभाराला कॅथोडवर चांदी ८० मिलिग्रॅम बसते, तांबं जेमतेम २४. वजनकाट्याची ०.१ मिलिग्रॅमची चूक तिथे जास्त बोचते. शिवाय तांब्याचा वहनांक द्रावणाच्या तीव्रतेनुसार बराच बदलतो, चांदीचा जवळजवळ स्थिर राहतो. अथणीकडे द्राक्षांच्या फवारणीसाठी मिळणारं मोरचूद मात्र वापरू नका. तांबं आयोडाइडमधून सुटणाऱ्या आयोडीनवरून मोजतात, आणि त्यात लोह असलं तर तेही आयोडीन सोडतं आणि तांबं जास्त भासतं. तांब्याचा थर चांगला बसावा म्हणून विद्युतभार मोजणाऱ्या कूलोममापीत आम्ल घालतात, ते नळीत घालू नये. हायड्रोजन आयन फार चपळ, बराचसा प्रवाह तेच वाहून नेतात.

चांदीचीही खोड आहे. प्रवाह वाढवला की कॅथोडवर सुईसारखे स्फटिक उगवतात आणि गळून पडतात. बोअरच्या पाण्याने धुतलेली नळी क्लोराइडमुळे दुधाळ होते, शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याचीच हवी.

दोन्हींत खरी कसोटी मधल्या भागाची. त्याची तीव्रता सुरुवातीइतकीच राहिली नाही, तर द्रावण मिसळलंय, ते मोजमाप टाकून द्या. एप्रिलच्या उकाड्यात, वर जास्त प्रवाहाने नळी तापली, की हे हमखास होतं. वीज गेली तर मिलीअँपियर गुणिले वेळ हा हिशेब कोलमडतो, मालिकेत जोडलेला कूलोममापी मात्र खरा आकडा सांगतो. पण थांबलेल्या वेळात विसरण चालूच असतं, म्हणून अर्ध्या तासाहून जास्त खंड पडला तर नव्याने सुरू करावं.

बजेट एका बॅचपुरतंच असेल तर तांबं घ्या आणि उत्तर ०.३७ च्या आसपास आलं तर समाधान माना. आकडा वहीत ग्रंथाशी पडताळायचा असेल तर चांदीच. वापरलेलं द्रावण आणि पट्ट्या जपून ठेवा, चांदी परत काढता येते.