पलंगापासून बाथरूमपर्यंत सेन्सरचे मंद दिवे: तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर

खोली दहा बाय बाराची, पलंग एका बाजूने भिंतीला लागून, बाथरूम पॅसेजच्या टोकाला. पलंगाच्या कडेपासून बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत साधारण १४ फूट आणि मध्ये एक वळण. वापरणाऱ्या आजी ७८ वर्षांच्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. चालायला वॉकर लागतो आणि रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर दिवे बसवले, आता मे महिनाही पार पडला. हा अनुभव त्या एका वाटेपुरता आहे, पण बहुतेक फ्लॅटमधली वाट थोड्याफार फरकाने अशीच असते.

आधी तिथे झिरोचा बल्ब होता. त्याचा एक गुण मान्य करायला हवा, तो कधी दगा देत नाही. पण तो बसतो दाराच्या चौकटीवर किंवा पंख्याच्या बटणांशेजारी, म्हणजे डोळ्यांच्या वर. उशीवरून पाहिलं की नेमका तोच ठिपका डोळ्यात जातो, आणि माणूस त्याच्याकडे पाठ करून चालू लागला की स्वतःचीच सावली पुढे पडते, नेमकी पाऊल टाकायच्या जागी. म्हाताऱ्या डोळ्याची अडचण दुहेरी असते. बाहुली आकसलेली, भिंग पिवळं पडलेलं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे उजेड जास्त हवा. पण मोतीबिंदू असेल तर समोरून येणारा उजेड भिंगात विखुरतो आणि सगळं दुधाळ दिसतं. म्हणजे दिवा डोळ्यासमोर नको. यावर उपाय एकच: जमीन उजळावी आणि दिवा स्वतः कुठूनही दिसू नये. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच.

पहिली खरेदी होती रिचार्जेबल सेन्सर पट्ट्यांची. वीतभर लांब, चुंबकाने चिकटणाऱ्या, टाइप-सीने चार्ज होणाऱ्या, साधारण चारशे ते सातशे रुपयांना एक. पॅसेजसाठी त्या उत्तम आहेत. पलंगाजवळ मात्र कुचकामी ठरल्या, आणि त्याचं कारण खोक्यावर लिहिलेल्या एका आकड्यात होतं: माणूस दिसेनासा झाल्यावर २० सेकंदांनी बंद. डॉक्टर सांगतात, झोपेतून एकदम उभं राहू नका, रक्तदाब खाली जाऊन चक्कर येते; कडेवर पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसा, मग उठा. आजी तसंच करतात. आणि सेन्सरला माणूस दिसत नाही, दिसते ती हालचाल. स्वस्त दिव्यांतला पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली तरच जागा होतो. स्थिर बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. म्हणजे दिवा लागतो, त्या शांत बसतात, आणि उभं राहायच्या बरोबर क्षणी अंधार. दिवाच नसता तर निदान हाताने बटण शोधलं असतं.

म्हणून पलंगाजवळचा दिवा वेगळा केला. बारा व्होल्टची पिवळी एलईडी स्ट्रिप, २७०० केल्विनची, दीड मीटर. सुटे ठिपके दिसू नयेत म्हणून सीओबी प्रकारची, म्हणजे सलग उजेडाची घेतली. मीटरला पाच वॅटच्या आसपास घेणारी, त्यामुळे बारा व्होल्ट एक अँपिअरचा अॅडॉप्टर पुरून उरतो. जोडणीचा क्रम असा: अॅडॉप्टर, मग वेळ कमी-जास्त करता येणारा पीआयआर स्विच, मग डिमर, मग स्ट्रिप. वेळ दोन मिनिटांवर ठेवली आहे. डिमर मात्र गोल फिरवायच्या खुंटीचाच घ्या. टचचे आणि रिमोटचे काही डिमर वीज तुटली की सेटिंग विसरतात, आणि इथे सेन्सर दर वेळी वीज तोडतच असतो. मग रात्री तीनला स्ट्रिप पूर्ण ताकदीने पेटते. खुंटी जिथे ठेवाल तिथेच राहते. आमची साधारण एक दशांशावर आहे आणि तेवढ्यात चपलेची कड जमिनीपासून स्वच्छ वेगळी दिसते.

स्ट्रिप पलंगाच्या खालच्या फळीला, पण कडेला नाही. कडेपासून दोन-अडीच इंच आत, तोंड खाली. अगदी कडेला लावली तर उभ्या माणसाला ती फरशीत उलटी दिसते. व्हिट्रिफाइड टाइल्स आरशासारख्या असतात. दिवा लपवला तरी त्याचं प्रतिबिंब डोळ्यात घुसतं आणि जमीन कुठे आहे तेच कळेनासं होतं. आणखी आत सरकवली की प्रतिबिंब पलंगाखालीच राहतं. बसवण्याआधी कागदी टेपने तात्पुरती चिकटवून रात्री तपासा: खोलीत अंधार करून दहा-पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या, मग तीन ठिकाणांहून पाहा: उशीवर डोकं टेकवून, कडेवर बसून आणि उभं राहून. एकाही ठिकाणाहून प्रकाशाचा ठिपका दिसला तर जागा बदला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, तो अंधारात स्वतःच उजेड वाढवून दाखवतो.

सेन्सरची जागा शोधायला स्ट्रिपपेक्षा जास्त वेळ गेला. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायावर, जमिनीपासून आठ-नऊ इंचांवर, उशीच्या दिशेला तोंड करून, म्हणजे पलंगाच्या कडेला समांतर बघणारा. पाय खाली आला की तो सेन्सरच्या नजरेला आडवा कापतो आणि दिवा तत्काळ लागतो. कूस बदलली की लागू नये म्हणून भिंगाचा वरचा तिसरा हिस्सा काळ्या इन्सुलेशन टेपने झाकला आहे. यातली नेहमीची फजिती म्हणजे चादर. रात्रीतून चादर किंवा गोधडी कडेवरून लोंबते, सेन्सरसमोर पडदा होतो आणि पाय खाली आला तरी त्याला पत्ता नसतो. त्या बाजूची चादर गादीखाली घट्ट खोचायची, दुसरा इलाज नाही. मच्छरदाणी लावत असाल तर सेन्सर तिच्या बाहेर आणि पाय आत असं होऊ देऊ नका. जाळीतून उष्णता पुरेशी पोचत नाही आणि दिवा कधी लागतो, कधी नाही.

पॅसेजमध्ये दोन रिचार्जेबल पट्ट्या आहेत, एक वळणावर आणि एक बाथरूमच्या दाराशी. दोन्ही स्कर्टिंगच्या टाइलवर, तोंड खाली. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही. पावसाळ्यात ओल धरली की पापुद्र्यासकट दिवा खाली येतो. टाइलवर मात्र वर्षभर हलला नाही. सर्वांत कमी ब्राइटनेसवरही या पट्ट्या रात्रीला जास्तच होत्या. औषधाच्या दुकानात मिळणारा पांढरा कागदी मायक्रोपोर टेप पट्टीच्या उजेडाच्या भागावर दोन थर चिकटवला, काम झालं. सेन्सरच्या गोल भिंगावर तो चुकूनही लावू नका.

वळणावरची पट्टी आधी समोरच्या भिंतीवर होती, म्हणजे माणूस थेट तिच्या दिशेने चालत यायचा. सरळ चालत येणारा माणूस पीआयआरला उशिरा दिसतो, कारण तो पट्टे आडवे कापत नाही. थंडीत हे जाणवलंही नाही. एप्रिल-मेमध्ये पॅसेजचं तापमान पस्तिशीच्या पुढे गेलं, भिंत आणि माणूस यांच्या उष्णतेत फरकच उरेना, आणि पट्टी अगदी दोन पावलांवर आल्यावर लागू लागली. ती बाजूच्या भिंतीवर हलवल्यावर फरक पडला. उन्हाळ्यात अंतर कमीच होतं, हे धरूनच दिव्यांची संख्या ठरवा. थंडीत घेतलेल्या चाचणीवर जाऊ नका.

दुसरी गडबड दिवा एकसारखा लुकलुकण्याची. सेन्सरशेजारी उजेड ओळखणारा छोटा भाग असतो, दिवसा दिवा लागू नये म्हणून. पट्टी पांढऱ्या दाराच्या चौकटीला फार जवळ असली की तिचाच उजेड परत येतो, तिला वाटतं दिवस उजाडला, ती बंद होते; अंधार झाला की पुन्हा लागते. चौकटीपासून वीतभर लांब सरकवली की हे थांबतं. आणि कुणी नसताना दिवा लागत असेल तर भुताखेताआधी पाल शोधा. उजेडावर किडे येतात, किड्यांवर पाल येते आणि भिंगावरून सरकणारी पाल सेन्सरला माणसाएवढी मोठी वाटते.

उंबऱ्यासाठी खालून येणारा तिरका उजेड फारच उपयोगी निघाला. दीड इंचाचा उंबरा वरच्या दिव्यात सपाट दिसायचा, आता त्याच्या कडेला सावलीची रेघ पडते. फरशीवरचं सांडलेलं पाणीही चकाकून दिसतं. तोटा असा की वॉकरच्या पायांच्या लांबलचक सावल्या पडतात आणि पहिले काही दिवस आजी त्या ओलांडायला बघायच्या. दारापाशी दुसऱ्या बाजूने आणखी एक पट्टी लावल्यावर सावल्या फिक्या झाल्या. गडद रंगाचं पायपुसणं मात्र काढूनच टाका. मंद पिवळ्या उजेडात ते खड्ड्यासारखं दिसतं.

बाथरूममधला नेहमीचा पांढरा एलईडी रात्री लावला की सगळं मुसळ केरात. डोळे पांढऱ्या उजेडाला सरावतात आणि परतताना पॅसेज काळाकुट्ट दिसतो. या वयात डोळे पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ घेतात. तिथे रात्रीपुरती बॅटरीची एक पिवळी पट्टी बेसिनखाली ठेवली आहे, पाणी उडणार नाही अशा जागी, आणि ती सेन्सरवर नाही, रात्रभर चालूच. सेन्सरवर ठेवली तर कमोडवर बसलेल्या माणसाचंही तेच होतं, जे पलंगाच्या कडेवर बसलेल्याचं. अॅडॉप्टर किंवा २३० व्होल्टची कुठलीही वायर बाथरूममध्ये नेऊ नका.

चार्जिंगचा भाग कंटाळवाणा आहे. पॅसेजच्या पट्ट्या दोन-तीन आठवडे जातात, बाथरूममधली रात्रभर चालणारी रोज सकाळी चार्जिंगला लावावी लागते. पॅसेजच्या पट्ट्या संपताना काही सूचना देत नाहीत, एके रात्री लागतच नाहीत. म्हणून एक पट्टी जास्तीची ठेवा आणि दर दुसऱ्या रविवारी आलटून पालटून बदला. चार्ज करून परत लावताना स्विच "ऑटो"वर आहे का आणि ब्राइटनेस वाढला तर नाही ना, दोन्ही बघा. पलंगाखालच्या स्ट्रिपचा अॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे. वीज जाऊन आली की पीआयआर स्थिरावायला मिनिटभर घेतो आणि त्या वेळात दिवा आपोआप लागू शकतो. तो बिघाड नव्हे.